कानमावशींनी भरलेला रंगाचा रकाना

शिशुगृहात नवीन बाळ आलं की सगळ्याजणी आधी त्याचं तोंड बघतात. कानमावशी कान बघतात. बाळाला डाव्या हातावर घ्यायचं, उजव्या हाताच्या बोटानं टोपडं जरा मागं सारायचं आणि कानाची वरची कड खिडकीच्या उजेडाकडे धरायची. मग नखांच्या मुळाशी असलेली कातडी. मग दुपटं सोडून जांघेकडे एक नजर. एवढं झालं की त्या निकाल देतात. "दुधाचा चहा", किंवा "कोरा चहा", आणि क्वचित कधी "नुसतं दूध, पत्ती घालायची राहिली". हे कान तपासणं बघूनच कुणीतरी त्यांना कानमावशी म्हटलं आणि ते चिकटलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. खरं नाव हजेरीपटावर असेल.

मी सोमवारी आणि गुरुवारी तिथं जाते, लंगोट आणि दुपटी घडी घालायला. देवाची सेवा म्हणून जाते. आमचे हे म्हणतात की घरातले कपडे आठवडाभर खुर्चीवर पडलेले देवाला चालतात वाटतं. मी उत्तर देत नाही, कारण कपडे खरंच खुर्चीवर असतात. मावशी आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. सकाळी आम्ही बरोबरच निघतो. त्या झपाझप चालतात, मी मनातल्या मनात नामस्मरण करत त्यांच्या मागून.

त्यांच्या कानांच्या विद्येवर मी एकदा शंका घेतली होती. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जन्मलं की बहुतेक बाळ गोरंच दिसतं, गुलाबी गोरं. पुढचा रंग आधी कानाच्या कडेला येऊन बसतो, पाहुणा आत यायच्या आधी उंबऱ्याशी थांबतो तसा. बाकीचं अंग मागाहून. शिशुगृहात यायच्या आधी अकरा वर्षं त्या प्रसूतिगृहात आया होत्या. तिथं त्यांनी हजारभर तरी कान बघितले असतील, आणि त्यातली कितीतरी बाळं पुढं लस टोचायला परत आलेली बघितली होती. तेव्हा ही विद्या पुस्तकातली नव्हे, पण अगदीच वाऱ्यावरचीही नव्हे.

ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे ती दोन दिवसांची असताना आली. तिला जन्म देणारीनं प्रसूतिगृहातच कागदांवर सही केली होती. इतकं मऊ आणि इतकं फिकं पोर, की दूध पाजणाऱ्या मुलीनं तिचं नाव कापूस ठेवून टाकलं. मी त्या दिवशी तिथंच दुपट्यांच्या ढिगात बसले होते. मावशींनी कान उजेडाकडे धरला, जरा जास्त वेळ धरला आणि हळूच म्हणाल्या, "कोरा चहा. कडक."

मग त्या नोंदपत्रक भरायला बसल्या. बाळ ताब्यात घेणारीनंच ते भरायचं असा नियम आहे. वजन, लांबी, अंगावरच्या खुणा, रंग. खुणेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, दोन्ही पापण्यांवर आणि कपाळाच्या मध्यावर लालसर डाग. रंगाच्या रकान्यात लिहिलं, गोरा. मी म्हटलं, आत्ताच तर तुम्ही कोरा चहा म्हणालात. त्या म्हणाल्या, रकान्यात दिसतं ते लिहायचं असतं, होणार ते नाही. हे मला पटलं. मग कारकून मुलीनं नळीदिव्याखाली फोटो काढला आणि तो पत्रकाला चिकटवला. फोटोत कापूस आणखीच पांढरी आली.

पुढं कागद फिरले. दोन तासांच्या अंतरावरच्या गावातल्या एका जोडप्याला तो फोटो दाखवला गेला. नवरा वायरमन, बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवते. नऊ वर्षं मूल नाही. त्यांनी होकार कळवला. पण जन्म देणारीला मन बदलायला दोन महिने द्यावे लागतात, तोवर भेट नाही, फक्त फोटो. ते दोन महिने सरले, वरचे कागदही आले, आणि एका सोमवारी ते दोघं मुलीला न्यायला आले. कापूस तेव्हा अकरा आठवड्यांची झाली होती.

चष्मेवाली नवी शाल घेऊन आली होती. ती दारातच चपला काढून, हात धुऊन, ओले हात कुठं पुसावेत ते न कळून तशीच उभी राहिली. मावशींनी कापसाला आणून तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं, बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. त्यानं खिशातून फोन काढला, फोटो लावला, आणि फोन मुलीच्या तोंडाशेजारी धरला.

खरं सांगते, मलाही तेव्हाच दिसलं. सतत बघणाऱ्याच्या डोळ्यांना कळतच नाही. फोटोत पांढरं पोर, पापण्या लाल, कपाळावर लाल ठिपका. हातात होती ती तकतकीत सावळी मुलगी, डोळे टपोरे, आणि पापण्यांवर काहीसुद्धा नाही.

"ही ती नाही," चष्मेवाली म्हणाली. आवाज अगदी बारीक होता.

मावशी म्हणाल्या की तीच आहे, पोरांचा रंग चढतो. पण त्या बाईचे डोळे पलीकडच्या पाळण्यावर गेले होते. तिथं दुसरी एक मुलगी झोपली होती, कापसापेक्षा तेरा दिवसांनी धाकटी, पण जन्मतःच थोराड, म्हणून दोघी एकाच मापाच्या दिसत. ती अजून गोरीच होती. तिच्या पापण्यांवर लालसर डाग होते.

"ती कोण?"

कुणीच पटकन उत्तर दिलं नाही. तेवढा वेळ पुरला.

अधीक्षिका मॅडमना बोलावलं गेलं. त्या मुळात वाईट नाहीत, पण कागदाला भितात. त्यांनी पायातला पट्टा बघितला. पट्ट्यावर कापसाचाच क्रमांक होता. मग नोंदवही उघडली, आणि त्यांचा चेहरा उतरला. सहाव्या आठवड्यात पट्टा घट्ट झाला म्हणून बदलला होता. पट्टा बदलताना दोघींच्या सह्या लागतात. इथं एकच सही होती, मावशींची. आणि त्याच दिवशी, त्याच आंघोळीच्या वेळी, त्या पलीकडच्या थोराडीचा पट्टासुद्धा बदललेला. तिथंही एकच सही.

"दोघी एका टेबलावर होत्या का, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"होत्या," मावशी म्हणाल्या. "टेबल एकच आहे."

चष्मेवालीनं कापसाला शालीत नीट गुंडाळून मावशींच्या हातात परत दिलं. टाकून दिल्यासारखं नाही, जपून, जशी दुसऱ्याची वस्तू देतात. ती गोऱ्या रंगासाठी हटून बसली असती तर तिला चार शब्द सुनावता आले असते. पण ती स्वतःच सावळी होती, आणि रंगाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ती म्हणत होती की दोन महिने मी या फोटोतल्या मुलीशी रोज बोलतेय, दुकानात काच घासतानासुद्धा. ती कुठंय तेवढं सांगा. दुसऱ्या कुणाच्या घरी गेली असेल तर तेही सांगा.

मॅडमनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. तोवर खात्री पटली तर मुलगी द्यायची. नाही पटली तर वर शंकेचं पत्र जाणार. शंकेचं पत्र गेलं की दोन्ही मुलींचे कागद थांबतात. रक्त तपासायचं तर जुळवायला माणूस लागतं, आणि दोन्ही मुलींच्या आयांचा पत्ता आता लागणार नव्हता. सहा महिने, वर्ष, कितीही. आणि मावशींना तोवर बाळांना हात लावायची बंदी. त्या दिवसापासूनच त्यांना धुण्यावर पाठवलं.

परत जाताना त्या झपाझप चालल्या नाहीत. मी त्यांना धीर देत होते की तुम्ही खऱ्या आहात, देव बघतोय. गल्लीच्या तोंडाशी त्या थांबल्या.

"ताई, त्या दिवशी नळाला पाणी एकाएकी गेलं होतं. एक साबणात, एक टॉवेलात. मी दोन्ही पट्टे आधीच कापून ठेवले होते. मग मी बादली आणायला गेले." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी आले तेव्हा मला माहीत होतं कुठली कोण. माहीत होतंच. पण आता ते आठवायला गेलं की नुसतं पाणी गेलेलं आठवतं."

त्या रात्री माझ्या जपाच्या वहीत मी फक्त एवढंच लिहिलं की मावशींच्या मनाला शांती दे. त्या खऱ्या ठरू देत, असं लिहायचं टाळलं. कारण मलाही कळेना. समजा चुकल्या असतील तर? मग कानाचं काय? त्या दिवशी मी कान स्वतः बघितला नव्हता, त्यांनी बघितला होता.

डॉक्टर बुधवारी येतात. मी एरवी बुधवारी जात नाही, त्या बुधवारी गेले. डॉक्टरांनी दोघींना टेबलावर निजवून नीट तपासलं. मग मॅडमना आणि कारकून मुलीला समजावून सांगितलं. मावशी दाराशी ओल्या हातांनी उभ्या होत्या, आत यायची परवानगी नव्हती म्हणून. मीही त्यांच्याबरोबर उंबऱ्यावरच.

डॉक्टरांचं म्हणणं मला समजलं तसं लिहिते. रंग करणाऱ्या पेशी काळ्यागोऱ्या सगळ्यांच्या अंगात साधारण तेवढ्याच असतात, आणि त्या जन्मापासून जागेवर असतात. फक्त त्यांचं काम अजून पुरतं सुरू झालेलं नसतं. त्या रंगाचे कण तयार करतात आणि आजूबाजूच्या कातडीच्या पेशींना वाटून देतात. किती आणि कसला रंग करायचा ते आईबापांकडून ठरून आलेलं असतं, पण काम वेगात यायला आठवडे लागतात, कुणाला महिने. तोवर कातडी पातळ, आतलं रक्त दाट, म्हणून बाळ गुलाबी दिसतं. मॅडमनी विचारलं की उन्हात ठेवलं म्हणून काळवंडली का. डॉक्टर म्हणाले, उन्हानं थोडी भर पडते, पण अंधाऱ्या खोलीत वाढवलं असतं तरी ही सावळी झालीच असती. काहींचा मात्र रंग मुळात थोडाच करायचा असतो, त्या गोऱ्याच राहतात. शेजारची तशी.

पापण्यांच्या लाल डागांचंही त्यांनी सांगितलं. ते रंगाचे नसतातच, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे असतात, आणि बहुतेकांचे विरून जातात. रडलं की कधी कधी पुन्हा उमटतात. झालं, सगळे कापसाच्या रडण्याची वाट बघत बसले. एरवी बाटलीला अर्धा मिनिट उशीर झाला की ही पोरगी आकाश डोक्यावर घेते. त्या दिवशी डॉक्टरांच्या गळ्यातल्या नळीकडे बघून बोळकं पसरून हसत होती. शेवटी भुकेनं रडली, आणि डाव्या पापणीवर खरंच पुसट लाली आली. माझा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर म्हणाले की असे डाग कितीतरी बाळांना असतात. शेजारचीलाही आहेत. यावरून काही ठरत नाही.

"रंग बदलतो हे मी शिक्का मारून लिहून देतो," ते म्हणाले. "पण ही तीच, हे मला रंगावरून सांगता येणार नाही. अदलाबदल झाली नाही हे दाखवायला मधलं काहीतरी लागेल."

मधलं काय असणार? दर महिन्याला नवा फोटो काढायचा नियम आहे, पण तो कुणी पाळला नव्हता. मॅडमनी कारकून मुलीकडे बघितलं, तिनं जमिनीकडे.

डॉक्टरांनी वजनाचा तक्ता मागितला. आकडे बघताना त्यांनी सहज विचारलं की हे आकडे इतके नेमके कसे, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. तेव्हा कारकून मुलगी म्हणाली की मागच्या वर्षी वजनं चुकीची लिहिली गेली म्हणून ती दर सोमवारी काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढते आणि दुपारी त्यावरून लिहिते. आकड्याचा फोटो, बाळाचा नव्हे. म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पण बाळ काट्यावरच असतं ना?" डॉक्टर म्हणाले.

तिनं संगणकावर ते फोटो काढले. खाली आकडा, आणि आकड्याच्या वर जे आलं असेल ते. कधी एक पाय, कधी ढोपर, कधी कान आणि अर्धा गाल. मी आत शिरले, मला कुणी थांबवलं नाही. कापसाचे दहा फोटो होते, थोराडीचे नऊ. डॉक्टर म्हणाले, छापा आणि शुक्रवारी त्या दोघांना बोलवा. मी मावशींना खुणेनं बोलावलं. त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, शुक्रवारीच बघेन. मला वाटतं त्यांना बघायची भीती वाटत होती.

शुक्रवारी सकाळी मी जप अर्धाच सोडून निघाले, तेही कबूल करते. ऑफिसच्या टेबलावर मॅडमनी फोटो दोन ओळींत लावले होते, वर कापसाचे, खाली दुसरीचे. तारखेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे. सहाव्या आठवड्यात, पट्टे बदलले त्या तारखेला, मध्ये एक उभी पट्टी ठेवली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं ते मॅडमनी वाचून दाखवलं. अदलाबदल झाली असेल तर ती या पट्टीपाशीच झाली. मग वरच्या ओळीत पट्टीच्या एका बाजूला एक मूल दिसेल आणि दुसऱ्या बाजूला दुसरं. रंग एकदम उडी मारेल.

वायरमननं वरवर बघून मान हलवली. त्याला पटलं होतं की त्याला नुसतं घरी जायचं होतं, सांगता येणार नाही. चष्मेवालीनं मात्र खुर्ची पुढं ओढली. पिशवीतून तिच्या कामाचं छोटं भिंग काढलं. तिनं पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. गुलाबी टाच. दुसऱ्यात करंगळीच्या नखाच्या मुळाशी जरा गडद रेघ. तिसऱ्यात कान, आणि कानाची कड गालापेक्षा स्पष्ट सावळी. चौथ्यात ढोपराच्या सुरकुत्या. पाचव्यात, पट्टीच्या आधीच, पाऊल उघड सावळं झालेलं, तळवा मात्र फिका. पट्टीनंतर सहावा, थोडा आणखी. सातव्यापाशी ती अडली.

"हा एकदम काळा आहे," ती म्हणाली.

कारकून मुलगी पुढं झाली आणि म्हणाली की त्या सोमवारी दिवा गेला होता, बघा, काट्याचं पांढरं ताटसुद्धा करडं आलंय. चष्मेवालीनं ताट बघितलं. मग खालच्या ओळीतला त्याच तारखेचा फोटो बघितला, तिथंही ताट करडं होतं, तीही मुलगी काळपट आली होती. आठव्यात दोन्ही ताटं पुन्हा पांढरी. वरची मुलगी सहाव्यापेक्षा जरा गडद, खालची होती तशीच. नववा. दहावा. कुठं उडी नव्हती. उतारावरून चालत आल्यासारखा रंग आला होता, आणि पट्टीच्या आधीच अर्धी वाट चालून झाली होती. पट्टे उलटे बांधले असते तर सहाव्या फोटोत वरची पुन्हा गोरी झाली असती.

भिंग तिनं खाली ठेवलं आणि बराच वेळ पाचव्या आणि सहाव्या फोटोवर एकेक बोट ठेवून बसली.

मावशी दारात होत्या. त्यांनी तिथूनच ती पट्टी आणि दोन्ही बाजू बघितल्या आणि चौकट धरली. मला वाटलं आता सुटल्या. पण त्या आत आल्या आणि जे बोलायचं काही कारण नव्हतं ते बोलल्या.

"मला पहिल्या दिवशीच माहीत होतं ही सावळी होणार. या ताई साक्षीला आहेत. मी गोरा लिहिलं. दिसत होतं तसं लिहिलं असं मी सगळ्यांना सांगते. पण ते तेवढंच नाही. फोटोतली गोरी मुलगी लवकर मागितली जाते. एकदा फोटोवर जीव जडला की मग रंगाकडे कोण बघतं, असं मला वाटलं."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, पुरे." मावशी थांबल्या नाहीत. पूर्वी एक मुलगी चार वर्षं इथं राहिली होती, चांगली गोंडस, पण आल्यापासून काळी. येणारे तिच्या पाळण्यापुढून जात. ती मावशींना आई म्हणायला लागली आणि मग तिला मोठ्या मुलींच्या वसतिगृहात पाठवलं. तेव्हापासून ज्या बाळाच्या कानावरून कळे, त्याचं पत्रक त्या पहिल्याच दिवशी, फिकं असतानाच भरून टाकत. फोटोही लगेच काढून घेत. सोळा पत्रकं अशी भरली. तेव्हा बाळं महिन्याभरात जात, कुणाला कळत नसे. आता कागदांना वेळ लागतो.

चष्मेवाली ऐकत होती. रागावली असेल तर दिसलं नाही. तिनं विचारलं, "मग मी दोन महिने कुणाशी बोलत होते?"

"हिच्याशीच," मावशी म्हणाल्या. "फक्त ती तेव्हा अजून पुरती आलेली नव्हती."

कापसाला आणलं गेलं. या वेळी कुणी हातात दिलं नाही, चष्मेवालीनं स्वतः पाळण्यातून उचललं. कसं धरायचं ते तिला येत नव्हतं, मान लटकली, आणि मावशींचा हात आपोआप पुढं गेला आणि बंदी आठवून मध्येच थांबला. मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. मग मावशींनी मान सावरून दिली.

सह्या झाल्या. पण मॅडमनी मावशींना सांगितलं की आंघोळीवर परत या, सहीला दुसरी कुणी असेल तरच. पत्रक मात्र यापुढं तुम्ही भरायचं नाही. कुठलंच. मावशी हो म्हणाल्या.

ते दोघं बाहेर पडले तेव्हा आम्ही दोघी पायरीवर उभ्या होतो. रिक्षा आली होती. मी म्हटलं, चला, देवानं लाज राखली. मावशींचं लक्ष नव्हतं. त्या म्हणाल्या, "अजून थांबायची नाही ती. पाच-सहा महिने तरी चढत जाईल. कुणी सांगितलंच नाही त्यांना."

मी म्हटलं, असू दे, घरी गेल्यावर कळेल. मॅडमनीही आतून हात हलवला, नको म्हणून. आणि मलाही तेच वाटत होतं, कबूल करते. मुलगी रिक्षात बसली होती. आता उगाच कशाला? ते मागं फिरले तर? एकदा मनात आलं की पुन्हा येणार नाही कशावरून? पण मावशी पायऱ्या उतरून गेल्या होत्या, पदर खोचलेला, हाताला साबण.

रिक्षावाल्यानं गाडी चालू केली होती. मावशींनी दांडा धरला.

"अजून होईल सावळी," त्या म्हणाल्या. "आज आहे त्याच्या पुढं. वर्षापर्यंतसुद्धा थोडी थोडी."

वायरमननं बायकोकडे बघितलं आणि मग विचारलं, "किती?"

मावशींनी कापसाचं टोपडं मागं सारलं आणि कान पुढं केला. कानाची कड गालापेक्षा अजून बरीच गडद होती. "एवढी," त्या म्हणाल्या.

दोघांनी बघितलं. चष्मेवालीनं वाकून अगदी जवळून बघितलं, भिंग न काढता. रिक्षावाला म्हणाला की ताई, बसायचंय का उतरायचंय, ते एक ठरवा. वारा सुटला होता. तिनं टोपडं दोन्ही कानांवर ओढून घेतलं, नाडी हनुवटीखाली बांधली आणि म्हणाली, "चला."

पुढचे पंधरा दिवस दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला की मावशींचा हात बादलीत थांबायचा. मीही घडी घालता घालता मान वर करायची. कधी दूधवाला असायचा, कधी लस घेऊन आलेली नर्स. महिन्यानं तपासणीसाठी त्यांच्या घरी गेलेली कार्यकर्ती परतली तेव्हा मावशी लंगोट पिळत होत्या, आणि पिळता पिळताच त्यांनी विचारलं की कशी आहे. ती म्हणाली, वजन चांगलं भरलंय. दुकानात घेऊन बसते आई, काउंटरमागं झोळी बांधलीय. रंग बराच चढलाय, मी ओळखलंच नाही.

"आणि त्यांनी?" मावशी म्हणाल्या.

"त्यांनी काय?"

मावशींनी लंगोट झटकून दोरीवर टाकला. "काही नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचा उचलला.